काचेच्या विटा आणि आईचा जिना

इथे रामबाग, नारायण बाग, लोधीपुरा इथल्या जुन्या घरांच्या आठवणी येतात त्या मी सगळ्या वाचते. माडी, अंगण, पाटावरची पंगत यांवर सगळे लिहितात. आमच्या रामबागच्या घरात वेगळी गोष्ट होती ती म्हणजे जिन्यातली काचेच्या विटांची भिंत. आज तिच्याबद्दल. थोडं लांबलंय, चहा घेऊनच बसा.

आमचं मूळ घर साधंच, पण अण्णांनी म्हणजे माझ्या वडिलांनी मागचा भाग नवा बांधला तेव्हा जिन्याच्या पश्चिमेच्या भिंतीत काचेच्या विटा बसवून घेतल्या. एका ओळीत ५, अशा ११ ओळी, एकूण ५५. जिना सरळ एका फेरीचा, भिंतीला लागून चढणारा. त्यामुळे उतरताना ही भिंत उजव्या हाताला यायची. संध्याकाळी पाचला आतमध्ये असा काही उजेड पडायचा की भाजीवालीसुद्धा दारातून डोकावून म्हणायची, "बाई, अंदर बल्ब लगा है क्या?" रस्त्यावरून सायकल गेली की विटांमधून तिचे वीस तुकडे वेगवेगळे सरकताना दिसायचे. आम्ही भावंडं त्यावरून कोण आलं ते ओळखायचो.

आता मागचा भाग पाडून पुन्हा बांधायचं ठरलं. आई ८१ वर्षांची. देवघर माडीवर, आणि ती खाली राहायला तयार नाही. तिची एकच अट: "जिन्यात तोच उजेड हवा." दादा लगेच तयार झाला. त्याने एका इंटिरियरवाल्या मुलाकडून चित्र करून आणलं. नवा जिना दोन फेऱ्यांचा, मध्ये वळणावर चौक, आणि चौकाच्या समोर अख्खी भिंत काचेच्या विटांची. चित्र दिसायला फारच सुरेख. विटा मोत्यासारख्या चमकतायत, सगळीकडे मऊ, दुधाळ उजेड, एकही काळी सावली नाही. वहिनी म्हणाली, अगदी हॉटेलसारखं दिसतंय.

मी गेली १६ वर्षं घरांची थ्रीडी चित्रं, म्हणजे रेंडर, करते. तेच माझं पोट. ते चित्र बघून मला पहिला प्रश्न पडला तो हा, की यात पायऱ्यांच्या कडा कुठे आहेत? फिक्या संगमरवरी पायऱ्या आणि तो दुधाळ उजेड यात सात पायऱ्यांची एकच घसरगुंडी दिसत होती. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आणि ऑपरेशनची तारीख ती गेली दोन वर्षं पुढे ढकलतेय.

दादाला म्हटलं, मला आठ दिवस दे, मी खरं चित्र करते. तो म्हणाला, "हे काय खोटं आहे?" तर ते कसं खोटं होतं ते सांगते, कारण हल्ली सगळेच असल्या चित्रांवर भुलून पैसे खर्च करतात.

आधी वीट समजून घ्या. ही भरीव काच नसते. काचेच्या दोन खोलगट वाट्या गरम असताना तोंडाला तोंड लावून जोडतात, आत पोकळी राहते. नेहमीचं माप १९० गुणिले १९० मिलिमीटर, जाडी ८०. दोन विटांमध्ये १० मिलिमीटरचा सांधा धरला की हिशोब सरळ २० सेंटिमीटरचा होतो. आमची भिंत म्हणजे १ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच. बाहेरचे दोन्ही चेहरे गुळगुळीत, म्हणजे पुसायला सोपे. लाटा असतात त्या आतल्या चेहऱ्यांवर. उजेडाला ही वीट पार करताना काचेचे चार पृष्ठभाग लागतात, दर पृष्ठभागावर साधारण ४ टक्के उजेड परततो, म्हणजे नुसत्या परतण्यातच १५ टक्क्यांच्या आसपास गेला. उरलेला त्या लाटांमुळे थोडा थोडा वाकतो आणि पसरतो. सायकलचे तुकडे व्हायचे ते त्यामुळेच.

त्या मुलाच्या चित्रात वीट म्हणजे नुसता एक भरीव ठोकळा होता, त्याला काचेचा गुण लावलेला. सपाट चेहऱ्यांच्या भरीव ठोकळ्यातून बाहेरचं दृश्य थोडं सरकून जवळपास तसंच दिसतं, पोकळ विटेची ती लहरती फूट त्यात येत नाही. हे एकवेळ चाललं असतं. खरी गोम उजेडात होती.

ब्लेंडरसारखा प्रोग्राम उलटा चालतो. सूर्याकडून किरण सोडत नाही, तर कॅमेऱ्याकडून सोडतो, आणि तो पायरीवर आपटून कुठे जातो ते बघतो. साध्या खिडकीत पायरीवरून थेट सूर्याकडे बोट दाखवता येतं. मध्ये लाटांची काच आली की ते जमत नाही, कारण सूर्य नेमका कुठल्या वाकड्या वाटेने येतोय हे पायरीला माहीत नसतं. मग प्रोग्राम अंदाजाने किरण फेकत राहतो. सूर्य आकाशात जेमतेम अर्धा अंश रुंद. इतक्या बारीक निशाण्यावर क्वचितच नेम लागतो, आणि लागला की तेवढा एकच ठिपका भगभगीत पांढरा होतो. चित्रभर मीठ सांडल्यासारखं दिसतं.

ते मीठ झाडायचे दोन झटपट उपाय सगळे करतात. एक म्हणजे `Clamping`. तिथे `Indirect Light` ला आधीपासूनच १० ही मर्यादा असते. त्याहून तेजस्वी ठिपका आला की तो छाटला जातो. चित्र स्वच्छ होतं, पण विटांमधून आलेला बराचसा उजेड नेमका त्याच ठिपक्यांत असतो, तो केरात जातो. दुसरा उपाय `Is Shadow Ray`. त्याने काचेला सांगता येतं की सावलीच्या हिशोबात तू नाहीसच. मग ऊन सरळ आत येतं, जणू भिंतीला भोक आहे. न वाकता, न पसरता. त्या मुलाने दोन्ही केलं होतं, आणि वर भिंतीभोवती चमक पसरवण्यासाठी `Glare` मधलं `Fog Glow` ओतलं होतं. सगळ्यांना आवडली ती मऊ चमक भिंतीतून आलेलीच नव्हती, चित्र झाल्यावर वरून फासलेली होती. विकायच्या चित्रात मीही हे करते, धंद्यात चालतं. पण आईने पाय कुठे ठेवायचा ते यावरून ठरवायचं नाही.

म्हणून मी खऱ्या विटेपासून सुरुवात केली. मिस्त्रींनी जुन्या भिंतीतून पहिली वीट सुटी करून दिली ती गच्चीवर नेली, उन्हात धरली आणि बरोबर एक मीटर मागे पांढरा कागद धरला. म्हणजे कागद दादाने धरला, कुरकुर करत. १९ सेंटिमीटरच्या विटेचा उजेड कागदावर साधारण ५० सेंटिमीटर पसरला, आणि त्यात लाटांच्या ठळक, तेजस्वी रेघा. लहानपणी अंगणात पाण्याच्या टाकीतून भिंतीवर हलायच्या ना, तशाच, फक्त स्थिर. मग संगणकावर तसाच कागद, तशीच वीट, आतल्या चेहऱ्यांवर लाटा, आणि पसारा ५० सेंटिमीटर येईपर्यंत लाटांची खोली कमीजास्त करत गेले. यात एक दिवस गेला. पण त्यानंतर ती वीट आमची वीट होती.

एक बारीक गोष्ट त्यात लक्षात आली. जुन्या भिंतीत काही विटांच्या लाटा आडव्या होत्या, काहींच्या उभ्या. मिस्त्रींनी हाताला आली तशी बसवली होती. संगणकावर ५५ विटा एकसारख्या ठेवल्या की भिंत छापील कापडासारखी दिसते. काही विटा नुसत्या पाव फेरीने वळवल्या आणि आमचा जिना ओळखू यायला लागला.

आता मीठ. `Clamping` शून्यावर नेलं, म्हणजे काहीच छाटायचं नाही. आणि सूर्य अर्ध्या अंशाऐवजी २ अंश रुंद केला. हे फसवणं नाही का? नाही, कारण आमची काच उजेडाला तशीही सतराएक अंशांत पसरवते, त्यात या दीड अंशाने काही फरक पडत नाही. एकूण ऊन तेवढंच राहतं, पण निशाणा क्षेत्रफळाने जवळजवळ १४ पट मोठा होतो आणि नेम लागायला लागतो. विटांच्या कडा काळ्या पडत होत्या, खऱ्या विटेत तर त्या हिरवट उजळ असतात. किरण कडेच्या काचेत आपटत राहतो आणि प्रोग्राम १२ वेळांनंतर कंटाळून सोडून देतो म्हणून तसं होतं. `Total` आणि `Transmission` या दोन्ही संख्या ३२ केल्यावर कडा उजळल्या. मग रात्रभर मशीन चालू ठेवलं. पंख्याच्या आवाजाने आई दोनदा उठून आली. "काय गं, गिरणी लावलीस का?"

वेळ धरली मे महिन्याच्या शेवटची, संध्याकाळचे ५. त्या वेळी इंदूरला सूर्य क्षितिजापासून साधारण २६ अंश वर असतो आणि पश्चिमेपासून जेमतेम १३ अंश उत्तरेला. म्हणजे पश्चिमेच्या भिंतीवर जवळपास समोरून मारा. आणि आई रोज पाचलाच दिवाबत्तीच्या तयारीला खाली येते, फुलं घ्यायला.

सकाळी चित्र उघडलं. भिंत सुंदरच होती, खोटं कशाला बोलू. लाटांच्या रेघा चौकात पसरलेल्या, अगदी लहानपणचा उजेड. पण मी कॅमेरा ठेवला होता तो माडीवरच्या वरच्या पायरीवर, आईच्या डोळ्यांच्या उंचीला, नजर खाली. समोर तळपती भिंत आणि तिच्या पुढ्यात सात पायऱ्या. पायऱ्यांच्या नाकांवरून समोरचा उजेड घसरत येतो, प्रत्येक पायरीचा सपाट भाग तेवढाच चकाकतो. उभा भाग उतरणाऱ्याला दिसतच नाही, तो तिच्याकडे पाठ करून असतो. त्यात चौकात पडलेल्या तेजस्वी रेघा पायरीच्या कडेसारख्याच दिसतात. कड नाही तिथे कड, आहे तिथे नाही.

पडताळा हवा म्हणून जुन्या घरी त्याच वेळी कॅमेरा नेला. भिंतीला नेमकं माप लावून एक फोटो, जवळच्या पायरीला लावून दुसरा. फरक सहा स्टॉपचा. एक स्टॉप म्हणजे दुप्पट, सहा म्हणजे ६४ पट. माझ्या चित्रातही भिंत आणि पायरी यांत जवळपास तेवढाच फरक येत होता, तेव्हा जिवात जीव आला. मग जुन्या जिन्यात आई कधी अडखळली नाही ती का? तिथेही भिंत ६४ पट तेजस्वी होतीच. पण ती बाजूला होती. बाजूने येणारा उजेड नजरेसमोर उभा राहत नाही, आणि लाकडी कठड्याच्या सावल्या प्रत्येक पायरीवर तिरक्या पडून नाकाशी मोडायच्या. आई त्या मोडीवर पाय ठेवत होती, तिला स्वतःलाही हे ठाऊक नसेल.

त्यानंतर मी त्या चित्रावर `Fog Glow` मुद्दाम लावलं. सजावट म्हणून नाही. मोतीबिंदूत डोळ्याचं भिंगच गढूळ होतं, आणि समोरून प्रखर उजेड आला की तो डोळ्यातच पसरून सगळ्यावर पांढरा पडदा धरतो. नक्की किती ते डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगायचं, माझ्या चित्राने नाही. पण थोडंसंच लावलं तरी वरच्या तीन पायऱ्या सोडून बाकी सगळं दुधात बुडालं. ते छापून दादासमोर ठेवलं. दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पण भिंत तर पाहिजे ना तिला."

इथे एक आठवण मध्येच. पॅरिसला काचेच्या विटांचं एक जगप्रसिद्ध घर आहे, मेझाँ द व्हेर, १९३२ चं. पिएर शारो नावाच्या डिझायनरने एका डॉक्टरसाठी केलेलं. तिथे जुनी इमारत पाडायची होती, पण वरच्या मजल्यावरची म्हातारी भाडेकरू हलायला तयार नव्हती. शेवटी तिचा मजला तसाच लोखंडी खांबांवर तोलून धरला आणि त्याच्या खाली हे काचेचं घर बांधलं. (त्यांच्या विटा पोकळ नव्हत्या, एकसंध होत्या.) त्याच सुमारास आपल्याकडे यशवंतराव होळकरांसाठी एकार्ट मुथेसियस माणिकबाग बांधत होता, म्हणजे इंदूरला तेव्हाचं सगळ्यात नवं काय ते माहीत होतं. दादाला ही भाडेकरूची गोष्ट सांगितली तर म्हणाला, "आपल्याकडे आई आहे, खर्च तोच."

उपाय तसा सोपा निघाला, पटायला वेळ लागला. नव्या जिन्याची उत्तरेची भिंत बोळाकडे आहे. उतरताना ती बाजूला येते. विटा तिथे घालायच्या, चौकासमोर पश्चिमेला साधी भिंत ठेवायची. उत्तरेला थेट ऊन जवळजवळ नाहीच. आपलं इंदूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला, त्यामुळे जूनमध्ये सूर्य उत्तरेला झुकतो, पण बोळ चिंचोळा आणि शेजाऱ्यांची भिंत उंच, तो अडतो. तिथे उजेड येतो तो आभाळाचा, आणि शेजाऱ्यांच्या पिवळ्या भिंतीवरून परतलेला. चित्र केलं तेव्हा सगळा जिना हळदीच्या पाण्यासारखा फिका पिवळा झाला. तळपत्या रेघा नाहीत, मोती नाहीत. सूर्याची शोधाशोध नसल्यामुळे मीठही नाही, दीड तासात चित्र तयार. वहिनी म्हणाली, "यात काही मजाच नाही." खरं आहे, पहिल्यापुढे हे फिकंच. पण प्रत्येक पायरीचं नाक दिसत होतं.

आईला दोन्ही चित्रं शेजारी शेजारी दाखवली, काही न सांगता. तिने पश्चिमेच्या चित्राकडे बघून म्हटलं, "हा अण्णांचा." आणि मग उत्तरेच्या चित्रावर बोट ठेवलं. "आणि हा उतरायचा." एवढंच. मग चष्मा काढून पदराने पुसत बसली.

विटा जुन्याच वापरायच्या यावर मात्र ती अडून बसली. मिस्त्री आधी नाहीच म्हणत होते. "दीदी, सरिया सड़ गया है अंदर." बरोबरच होतं. सांध्यांतल्या बारीक सळया गंजून फुगल्या होत्या, आणि गंज फुगला की काचेला कडेने तडा जातो. तांबूस डाग आणि कोपऱ्यातून निघालेली तिरकी चीर दिसली की समजायचं. ५५ पैकी ११ काढतानाच गेल्या. ६ विटांच्या आत बाष्पाची पांढरी साय होती. म्हणजे जोड सुटलाय, हवा आत गेली, आणि ती आतून कधीच पुसता येत नाही. उरल्या ३८. त्यांतल्या ३२ उत्तरेच्या भिंतीत, ४ गुणिले ८, म्हणजे ८० सेंटिमीटर रुंद आणि १६० उंच. या भिंतीवर कसलाही भार द्यायचा नाही, वर वेगळा लिंटेल घेतला. सळया या वेळी गंजरोधक स्टीलच्या, आणि वर व बाजूंना फट सोडून त्यात मऊ पट्टी, कारण उन्हाने भिंत आणि काच दोन्ही थोडी हलतात. उरलेल्या ६ आईच्या न्हाणीघराच्या दारावर एका ओळीत. आत कुणी आहे का ते बाहेरून कळतं, आणि कोण ते कळत नाही. तेवढंच हवं असतं.

सध्या गिलावा झालाय. पायऱ्यांना दादाचा संगमरवर रद्द करून कोटा घातला, त्याच्या नाकावर गडद पट्टी बसायची आहे. मी दोन चित्रं केली, एकात काळी, एकात तांबडी, उत्तरेच्या पिवळट उजेडात दोन्ही कशा दिसतात ते बघायला. काळी जास्त उठून दिसते. आईला तांबडी हवी, उंबऱ्याला असते तशी. मिस्त्री सोमवारी पट्टी घेऊन येणार आहेत आणि घरात अजून दोन तट आहेत.